चादर, पोस्टकार्ड आणि वीस सेकंद : अ‍ॅनिमेशन मालिकेसाठी लोकवर्गणीची आखणी

आजचा विषय तसा हिशेबाचा आहे. स्वतंत्रपणे अ‍ॅनिमेशन मालिका करायची, पाठीशी वाहिनी नाही, निर्माता नाही, मग पैसे लोकांकडून उभे करायचे. याला आज क्राउडफंडिंग म्हणतात. आपल्याला वर्गणी नवीन नाही. गणपतीची पावती फाडताना आपण विचारत नाही की मला काय मिळणार. मांडव दिसतो, आरास दिसते, झालं. पण चार अनोळखी मुलं जेव्हा म्हणतात की आम्ही एक मालिका करणार आहोत, पैसे द्या, तेव्हा देणाऱ्याच्या मनात दोन प्रश्न येतात. यांना हे जमेल का? आणि मला काय मिळेल? पहिल्या प्रश्नाचं उत्तर मोहिमेचा व्हिडिओ देतो. दुसऱ्याचं उत्तर म्हणजे भेटींच्या पायऱ्या, म्हणजे इतके रुपये दिले तर ही भेट, तितके दिले तर ती. आज आपण या दोनच गोष्टी बघणार आहोत, आणि दोन्ही एकाच मापाने मोजणार आहोत. ते माप म्हणजे पडद्यावरचा एक सेकंद.

सोलापुरात बोलतोय, म्हणून उदाहरणही इथलंच घेऊ. हे उदाहरण कल्पित आहे आणि त्यातले दरही हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत. तुम्ही तुमचे दर घालून तीच आकडेमोड करायची. समजा, पूर्व भागातली चार मुलं आहेत. त्यांना यंत्रमागाच्या वस्तीतल्या एका मुलीची मालिका करायची आहे. घरात आजी तेलुगू बोलते, बाजारात कन्नड कानावर पडतं, शाळेत मराठी. मालिकेचं नाव ठेवू ‘धोटा’. पहिला भाग तीन मिनिटांचा, म्हणजे १८० सेकंद. चित्रं, रंग, पार्श्वभूमी आणि जुळणी असा सगळा खर्च धरून एका सेकंदाला २,००० रुपये पडतात असं मानू. हा आकडा फळ्यावर मोठा लिहून ठेवा, पुढे तो सारखा लागणार आहे.

आधी व्हिडिओकडे जाऊ. त्यासाठी आपल्याकडे एक शंभर वर्षांहून जुनं उदाहरण आहे. १९१२ साली दादासाहेब फाळके लंडनहून कॅमेरा घेऊन परतले. चित्रपट काढायचा होता, पैसे नव्हते. कथानक ऐकवून कोण पैसे देणार? मग त्यांनी कुंडीत वाटाणा लावला, समोर कॅमेरा रोखून ठेवला, आणि रोप वाढेल तसतशी थोड्याथोड्या वेळाने एकेक चौकट घेत गेले. पडद्यावर ते रोप मिनिटाभरात मातीतून वर आलं. ‘अंकुराची वाढ’ या नावाने आपण तो लघुपट ओळखतो. हा तुकडा त्यांनी पैसे देऊ शकतील अशा माणसांना दाखवला आणि त्यातून ‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवलाची वाट उघडली. तरी घरचे दागिने आणि विमा गहाण पडलेच, ती गोष्ट वेगळी.

या वाटाण्यात आमच्या कामाचं सगळं आहे. एकेक चौकट घेऊन हालचाल उभी करणं, हे अ‍ॅनिमेशनचंच तंत्र. आणि फाळक्यांनी त्या तुकड्यात हरिश्चंद्राची गोष्ट सांगितली नाही. मला हे यंत्र चालवता येतं, एवढं एकच त्यांनी सिद्ध केलं. आजच्या मोहिमांचे व्हिडिओ बघा. चौघे मित्र खुर्चीत बसून बोलतात. लहानपणी कार्टून बघायचो, तेव्हापासून स्वप्न होतं, वगैरे. दीड मिनिट जातं आणि हलणारं एकही चित्र दिसत नाही. बघणाऱ्याच्या मनातला पहिला प्रश्न तसाच राहतो.

म्हणून आमचं सांगणं असं. व्हिडिओ दोन ते अडीच मिनिटांचा ठेवा आणि त्यात पुरं झालेलं, रंग आणि आवाजासकट, वीस सेकंदांचं अ‍ॅनिमेशन असू द्या. वीस सेकंद म्हणजे आपल्या हिशेबाने ४०,००० रुपयांचं काम. हे मोहिमेच्या आधी स्वतःच्या खिशातून किंवा स्वतःच्या मेहनतीने करावं लागतं. जड वाटेल, पण एक काळजी घेतली तर यातला रुपयाही वाया जात नाही. ही वीस सेकंदं खास जाहिरातीसाठी काढायची नाहीत. पहिल्या भागात जशीच्या तशी बसतील अशीच दृश्यं निवडायची. मग मोहीम संपल्यावर १८० सेकंदांपैकी १६०च करायची उरतात.

कुठली दृश्यं निवडायची? ‘धोटा’मध्ये दोन घ्या. एक, मागावर धोटा इकडून तिकडे धावतोय. चित्रपटात सेकंदाला २४ चौकटी असतात. आपण एक चित्र दोन चौकटी टिकवलं तर सेकंदाला १२ चित्रं लागतात. धोट्याची ये-जा एका सेकंदाची धरली, तर १२ चित्रांचं एक आवर्तन तयार होतं आणि ते पाच सेकंद तसंच फिरवता येतं. स्वस्त आणि देखणं. पण एवढंच दाखवलंत तर जाणकाराला कळतं की तुम्ही सोपं तेवढं निवडलंय. म्हणून दुसरं दृश्य अभिनयाचं घ्या. आजी चादरीची घडी घालते, मध्येच थांबते, नातीकडे बघते. सहा सेकंद, ७२ चित्रं, एकही परत वापरता येत नाही. हे जमलं की मालिका जमेल, असं बघणाऱ्याला न सांगता कळतं. उरलेल्या नऊ सेकंदांत वस्तीचं एक दृश्य, गिरणीचं धुराडं, संध्याकाळ, कॅमेरा हळूहळू सरकतोय. त्यात पार्श्वभूमीचं चित्र चांगलं लागतं, पण हालचाल थोडी.

मांडणी अशी करा. व्हिडिओची पहिली पंधरा सेकंदं थेट अ‍ॅनिमेशन. नाव नाही, नमस्कार नाही. मागाची खटखट आणि आजीचा आवाज. मग तुम्ही कोण, कोणी काय काम केलंय, हे अर्ध्या मिनिटात. त्यानंतर पैसा कुठे जाणार, हे एका चित्रात दाखवा आणि ते सेकंदांत सांगा. २,००० रुपये म्हणजे ‘धोटा’चा एक सेकंद. हे वाक्य लोक लक्षात ठेवतात, कारण देणारा लगेच मनात भागाकार करतो, माझ्या पाचशेत पाव सेकंद आला. शेवटची पाच सेकंदं पुन्हा अ‍ॅनिमेशन. भेटींची यादी व्हिडिओत वाचून दाखवू नका, ती शेजारी लिहिलेलीच असते. आणि अक्षरं खाली उमटवा, कारण बरेच लोक फोनवर आवाज बंद ठेवून बघतात आणि आजीची तेलुगू सगळ्यांना कळणार नाही.

एक सावधगिरी. कच्च्या रेखाटनांचा जोड, ज्याला आम्ही अ‍ॅनिमॅटिक म्हणतो, तो दाखवायला हरकत नाही. पण त्यावर ‘कच्चं काम’ असं स्पष्ट लिहा. आणि वीस सेकंदांत जी सफाई दाखवली तीच १८० सेकंदांत द्यावी लागणार. चौघांनी तीन महिने घासून जर वीस सेकंदं केली असतील, तर त्याच वेगाने उरलेल्या १६० सेकंदांना २४ महिने लागतील. हा गुणाकार मोहिमेआधी करा. उत्तर बघून घाम फुटला तर चित्रशैली सोपी करा आणि ती सोपी शैलीच व्हिडिओत दाखवा.

आता पायऱ्या. सोलापुरात हा विषय निघाला की पहिली सूचना ठरलेली असते : चादर द्या. सूचना वाईट नाही. सोलापुरी चादर बाहेरगावच्या माणसाला हवीच असते, तिला भौगोलिक मानांकन आहे, आणि आपली गोष्टही मागाचीच. मग मुलं म्हणतात, चादरीवर आपल्या नायिकेचं चित्रच विणून घेऊ. २,५०० रुपयांच्या पायरीवर देऊ. इथे थांबा आणि वही काढा.

जॅकार्डवर नवीन चित्र विणायचं म्हणजे आधी त्याचा आलेख काढावा लागतो, मागाची तयारी करावी लागते, आणि कारखानदार पाच-दहा नगांसाठी माग अडवून ठेवणार नाही. समजा, तयारीचे १५,००० आणि किमान शंभर नगांची अट. एका चादरीचे ९०० धरू. चादर जड असते, म्हणून बांधणी ६० आणि कुरिअर २४०, असे पाठवायचे ३०० रुपये. शिवाय मोहीम चालवणारं संकेतस्थळ आणि पैसे भरण्याची यंत्रणा आपलं शुल्क कापून घेतात, ते सगळं मिळून दहा टक्के धरू.

ही पायरी चाळीस जणांनी घेतली तर एक लाख रुपये जमा झाले. मुलं खूश. शुल्क जाऊन ९०,००० हातात आले. खर्च किती? शंभर चादरींचे ९०,०००, तयारीचे १५,०००, चाळीस जणांना पाठवायचे १२,०००. एकूण १,१७,०००. म्हणजे लाखाची वर्गणी गोळा करून २७,००० रुपयांचा खड्डा, आणि घरात साठ चादरी पडून. ही पायरी त्रेपन्नाव्या माणसापर्यंत तोट्यातच असते. साठ जणांनी घेतली तरी हातात उरतात १२,०००, म्हणजे ‘धोटा’ची सहा सेकंदं. दीड लाख जमले आणि सहा सेकंदं मिळाली!

मग चादर सोडायची का? नाही. बाजारात तयार असलेली चांगली चादर घ्या, इथेच विणलेली. बाहेर विणलेल्या मालाला सोलापुरी म्हणून पाठवू नका, ती फसवणूक होईल. तिच्या कडेला मालिकेचं एक छोटं कापडी लेबल शिवून घ्या, ४० रुपयांत. आता एका नगाला ९००, ४० आणि ३०० असे १,२४० रुपये. शंभराची अट गेली, तयारीचा खर्च गेला. साठ जणांकडून दीड लाख येतात, १५,००० शुल्क, ७४,४०० खर्च, आणि ६०,६०० हातात. तीस सेकंदं. सहाच्या जागी तीस. भेट बघायला गेलं तर तीच, फक्त खर्चाची जात बदलली. पहिल्या पद्धतीत पैसे आधी बुडतात आणि माणसं मागून येतात. दुसऱ्यात जेवढी माणसं तेवढाच खर्च.

आता हिच्या शेजारी पोस्टकार्डाची पायरी ठेवा. १,००० रुपये. मालिकेच्या पार्श्वभूमीची सहा चित्रं, जाड कागदावर छापलेली. छपाई ६०, पाकीट २०, टपाल ६०, एकूण १४० रुपये. ही दीडशे जणांनी घेतली तर जमा तेवढेच दीड लाख. शुल्क १५,०००, खर्च २१,०००, हातात १,१४,०००. म्हणजे सत्तावन्न सेकंदं. चादरीच्या जवळजवळ दुप्पट. याचं कारण साधं आहे. ती चित्रं मालिकेसाठी काढलेलीच होती. चांगली भेट तीच, जी काम करता करता आपोआप तयार होते. नावांच्या यादीत नाव, कथाफलकाची फाईल, कच्च्या रेषा, पहिल्या भागाचं आधी दर्शन, हे सगळं याच जातीचं.

सगळ्यात खालच्या पायरीबद्दल एक आठवण. १९७६चा ‘मंथन’, श्याम बेनेगलांचा, ज्याच्या पटकथेत विजय तेंडुलकर होते. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादक शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये दिले आणि दहा लाख उभे राहिले. त्यांना भेट काय मिळाली? चित्रपट त्यांचा म्हणून सादर झाला, आणि ते गाड्या भरभरून तो बघायला गेले. २०० रुपयांच्या पायरीवर नाव आणि आधी बघायला मिळणं एवढंच द्या. त्याला वस्तू जोडलीत की टपालखर्चच वर्गणी खातो.

वरच्या पायऱ्यांवर मर्यादा घालाव्या लागतात, आणि ती मर्यादा खरी असावी. ५,००० रुपयांना हाताने रंगवलेलं मूळ चित्र देणार असाल तर मुळात कागदावर किती चित्रं रंगवली जाणार आहेत, ते मोजा. सगळं काम संगणकावर होत असेल तर ‘मूळ चित्र’ अशी वस्तूच नसते, छापील प्रत असते, आणि तसंच लिहायला हवं. १०,००० रुपयांना गड्डा यात्रेच्या गर्दीत तुमचा चेहरा, ही पायरी लोकांना फार आवडते. तिचा खर्च पैशात दिसत नाही, दिवसांत दिसतो. एका चेहऱ्याला दोन दिवस, दिवसाचे १,२०० धरले तर २,४०० रुपये. पण खरं दुखणं पुढे आहे. माझं नाक असं नाही, मिशी अजून भरघोस हवी, असं करत दोनाचे सहा दिवस होतात. म्हणून सहाच जागा ठेवा आणि ‘एकदाच दुरुस्ती’ हे पायरीच्या मजकुरातच लिहा.

आणखी एक फसगत होते ती ‘वरच्या पायरीत खालचं सगळं’ या वाक्याने. लिहायला सोपं, पण चादरवाल्याला पोस्टकार्डही गेलं की बांधणी बदलते आणि खर्च चढतो. म्हणून फाईली, नाव, दर्शन हे खालून वर चालू द्या. वस्तू मात्र प्रत्येक पायरीवर एकच.

आता लक्ष्य ठरवू. उरलेली १६० सेकंदं म्हणजे ३,२०,०००. आवाज, संगीत, ध्वनिमुद्रण ६०,०००. अडीअडचणीला ४०,०००. एकूण ४,२०,००० हातात यायला हवेत. जमा रकमेतले दहा टक्के शुल्कात आणि साधारण वीस टक्के भेटींत जाणार, म्हणजे शंभरातले सत्तरच आपले. ४,२०,००० भागिले ०.७०, उत्तर ६,००,०००. बरेच जण लक्ष्य म्हणून ४,२०,०००च लिहितात, ते पूर्णही होतात, आणि मग कळतं की भागाची शेवटची काही दृश्यं करायला पैसेच नाहीत. कराचं काय, हे तुमच्या सीएला मोहिमेआधी विचारा. आणि नफ्यात वाटा देऊ असं कुठल्याही पायरीवर लिहू नका. तो गुंतवणुकीचा व्यवहार होतो आणि त्याचे कायदे पूर्ण वेगळे आहेत.

सहा लाख कसे जमतील? २०० वाले २५०, ५०० वाले २००, पोस्टकार्डाचे १५०, चादरीचे ६०, मूळ चित्राचे १८ आणि गर्दीतले चेहरे ६. बेरीज बरोबर सहा लाख. भेटींचा खर्च १,१९,७००, म्हणजे धरलेल्या वीस टक्क्यांत बसला. नसता बसला तर किमती बदलून परत बेरीज करायची. पण माणसं मोजा. ६८४. एवढी माणसं कोण आहेत? मोहीम सुरू करायच्या आधी वहीत नावं लिहायला बसा. नातेवाईक, वर्गमित्र, पुण्या-मुंबईत गेलेले सोलापूरकर, तुमची आधीची कामं बघणारे. नावं शे-दीडशेवर संपली तर ते अपयश नाही, ती माहिती आहे. लक्ष्य पूर्ण झालं तरच पैसे मिळतील अशी अट असेल, तर तीन मिनिटांचा भाग धरून बसू नका. एक मिनिटाचा पूर्ण भाग करा आणि त्याचं लक्ष्य ठेवा.

जपानच्या ट्रिगर स्टुडिओने हेच वेगळ्या रीतीने केलं. ‘लिटल विच अकॅडेमिया’चा पहिला लघुपट त्यांनी २०१३ साली इंटरनेटवर फुकट बघायला ठेवला. मग किकस्टार्टरवर दीड लाख डॉलर मागितले, आणि कशासाठी, तर पुढचा लघुपट वीसच्या जागी पस्तीस मिनिटांचा व्हावा म्हणून. सव्वासहा लाख डॉलर जमले. त्यांच्याकडे स्टुडिओ होता, नाव होतं, ते सोडून द्या. मागणी कशी होती ते बघा. काम आधी दाखवलं, आणि पैशाच्या बदल्यात मिनिटं सांगितली.

शेवटी एक खूण सांगतो, आखणी बिघडली आहे का हे ओळखायची. प्रत्येक पायरीपुढे दोन आकडे लिहा : या पायरीमुळे भागाला किती सेकंदं मिळाली, आणि भेट तयार करून पाठवण्यात अ‍ॅनिमेशन करणाऱ्यांचे किती दिवस गेले. साठ चादरींवर लेबल शिवून घेणं, पत्ते लिहिणं, कुरिअरला नेणं, परत आलेली पार्सलं पुन्हा पाठवणं, हे सगळं कोणीतरी करणार. ते आजीची घडी काढणाऱ्या माणसाच्या गळ्यात पडलं, तर ती ७२ चित्रं कोण काढणार? ज्या पायरीचे दिवस जास्त आणि सेकंदं कमी, ती कितीही गोड वाटली तरी खोडा. आता प्रश्न असतील तर घेऊया.